मध्येच वीज गेली, आता टेस्ट पुन्हा मागायची कशी?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं तिला नुसतं ‘ओए’ म्हणतात. ऑनलाइन असेसमेंट, म्हणजे कंपनीच्या मुलाखतीआधीची चाळणी. कंपनी ई-मेलवर एक लिंक पाठवते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत ती उघडायची आणि घरच्याच लॅपटॉपवर, कॅमेरा चालू ठेवून तासा-दीड तासात प्रश्न सोडवायचे. हॅकररँक, मर्सर मेटल, हॅकरअर्थ अशा मंचांवर या टेस्ट होतात. इथे नापास झालं तर पुढे मुलाखत नाही.

परीक्षा केंद्रावर वीज गेली तर ती सांभाळण्याची जबाबदारी केंद्राची असते. जेईई मेनसारख्या परीक्षेत संगणक बंद पडला, तर उमेदवाराला दुसऱ्या संगणकावर बसवतात आणि वाया गेलेली मिनिटं त्याच्या वेळेत भरून देतात. तशी तरतूद नियमांतच आहे. घरून दिलेल्या टेस्टला हे छत्र नाही. सुरुवातीच्या सूचनांमध्ये ‘अखंड वीज आणि स्थिर इंटरनेट ही उमेदवाराची जबाबदारी’ असं एक वाक्य असतं. त्याखालच्या चौकोनात टिक केल्याशिवाय टेस्ट सुरूच होत नाही. म्हणून बार्शीत किंवा चिपळूणमध्ये ऐन टेस्टमध्ये वीज गेली, तर पुन्हा संधी हा आपला हक्क नसतो. तो समोरच्याचा निर्णय असतो आणि तो मागूनच घ्यावा लागतो. मागणाऱ्यांपैकी कुणाला ती मिळते आणि कुणाला नाही, हे नशिबावर वाटतं तितकं अवलंबून नसतं.

पहिला घोळ होतो तो मागायचं कुणाकडे इथेच. लिंकवर मंचाचं नाव असतं, अडचण मंचावर आलेली असते, म्हणून मुलं मंचाच्या मदतकक्षाला लिहितात. तिथून उत्तर येतं, ‘कृपया तुम्हाला आमंत्रण देणाऱ्या कंपनीशी संपर्क साधा.’ मुलं चिडतात, पण ते उत्तर बरोबर असतं. मंच हा फक्त मांडव घालून देणारा. टेस्ट कंपनीची, प्रश्न कंपनीने निवडलेले आणि पुन्हा बसू द्यायचं की नाही हे ठरवणारी तिथली भरती पाहणारी माणसं. वेळ वाढवायचं किंवा नवं आमंत्रण पाठवायचं बटण त्यांच्या पडद्यावर असतं. मंचाला लिहायचं ते एवढ्यासाठीच, की तक्रारीची नोंद व्हावी आणि तिचा क्रमांक मिळावा. तो क्रमांक कंपनीला लिहिताना कामाला येतो.

कॅम्पसमधून टेस्ट असेल तर मध्ये आणखी एक पायरी येते, कॉलेजचा ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभाग. टीपीओ सर-मॅडमना वळसा घालून थेट कंपनीच्या एचआरला लिहिणं बहुतेक कॉलेजांत चालत नाही आणि शहाणपणाचंही नसतं. टीपीओकडे त्या दिवशी अडचण आलेल्या सगळ्या मुलांची यादी जमत असते. कंपनी अशा यादीकडे एकट्यादुकट्या मेलपेक्षा जास्त लक्ष देते. उलट पैसे भरून घरून द्यायच्या परीक्षांमध्ये, टोफेलच्या होम एडिशनसारख्या, परीक्षा घेणारी संस्था स्वतःच मालक असते आणि तक्रार तिच्याकडेच करायची असते. पुढे मी कंपनीच्या टेस्टबद्दलच बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं अडतात ती तिथेच.

आता टेबलाच्या पलीकडे बसून पाहू. एचआरच्या इनबॉक्समध्ये ‘वीज गेली होती’ असे मेल प्रत्येक भरतीत येतात. काही खरे असतात. काहींमध्ये प्रश्न अवघड दिसल्यावर मुद्दाम वाय-फाय बंद केलेलं असतं. प्रश्न पाहून झाले, आता दोन दिवस तयारी करून पुन्हा बसू, असा हिशेब. एचआरला हे माहीत असतं आणि त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न ‘हा खरं बोलतोय का?’ हाच असतो. उत्तरासाठी ते मेलमधली भाषा पाहत नाहीत, टेस्टची नोंद उघडतात.

ही नोंद म्हणजे सर्व्हरवर आपोआप लिहिली जाणारी रोजनिशी. टेस्ट किती वाजता सुरू झाली, कुठलं उत्तर कधी जतन झालं, कितीदा दुसऱ्या टॅबवर गेलात, कॅमेऱ्याची चित्रं कधीपर्यंत येत होती, कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून तुम्ही जोडलेले होता, हे सगळं त्यात वेळेसह असतं. कोडिंगच्या प्रश्नात तर काही मंच टाइप केलेलं प्रत्येक अक्षर नोंदवतात. कोड ओळीओळीने कसा वाढत गेला, ते एचआर चित्रफितीसारखं चालवून पाहू शकतो.

वीज जाते तेव्हा या नोंदीत एक विशिष्ट खूण उमटते. टायपिंग अर्ध्या शब्दावर तुटतं, कॅमेऱ्याचं चित्र त्याच क्षणी थांबतं आणि ‘मी इथे आहे’ असं ब्राउझर दर काही सेकंदांनी सर्व्हरला जे कळवत असतो, तेही थांबतं. सगळे धागे एकदम तुटतात. हाताने पान बंद केलं तर ब्राउझर बहुधा जाता जाता तसा निरोप देतो. अवघड प्रश्नाला कंटाळून सोडून देणाऱ्याच्या नोंदीत तुटण्याआधी बऱ्याचदा शांतता असते. पाच-सात मिनिटं काहीच टाइप झालेलं नाही, प्रश्न पुढे-मागे केले आणि मग संपर्क गेला, असं ते दिसतं. हा काही न्यायालयातला पुरावा नव्हे. पण शंभर अर्ज हातात असलेल्या माणसाला एवढा कौल पुरतो. म्हणूनच मागणीचा मेल कितीही कळवळून लिहिला, तरी तो या नोंदीशी जुळला नाही तर फुकट जातो. आणि जुळला, तर चार ओळीही पुरतात.

एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा नेहमी घडणारा आहे.

पुण्यात शिकणारी एक मुलगी सुट्टीत बार्शीला घरी आलेली. टेस्ट नव्वद मिनिटांची, पंचवीस बहुपर्यायी प्रश्न आणि दोन कोडिंगचे. दहा वाजता तिने सुरुवात केली. बहुपर्यायी प्रश्न साडेदहाच्या आत झाले. पहिला कोडिंगचा प्रश्न 10:47 ला दाखल झाला. दुसऱ्यात ती रमली असताना 10:52 ला पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर विजेवर होता, तो गेला. पडद्यावर संपर्क तुटल्याची पट्टी आली.

इथे बहुतेकांना वाटतं की घड्याळही थांबलं असेल. तसं नसतं. टेस्टचं घड्याळ सर्व्हरवर चालतं, लॅपटॉपवर दिसतं ते त्याचं प्रतिबिंब. साडेअकराला वेळ संपणार ती संपणारच. जे जतन झालं ते राहतं, शेवटच्या काही सेकंदांतलं टायपिंग मात्र जाऊ शकतं. मूडलवर चालणाऱ्या कॉलेजच्या परीक्षांत उत्तरं साधारण दर मिनिटाला आपोआप जतन होतात. मूडल संपर्क तुटल्याची सूचना दाखवतं आणि गेल्या काही मिनिटांत लिहिलेलं टिपून ठेवा, असंही सांगतं.

तिने 10:57 ला मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं. पान उघडलं, पण कॅमेऱ्याची परवानगी पुन्हा मागितली गेली. तेव्हा परिसरातल्या सगळ्यांचे फोन मोबाइल डेटावर आलेले, वेग घसरलेला. कॅमेऱ्याचं चित्र वर चढेना. 11:10 ला निरीक्षणाचा संपर्क तुटल्याचं सांगून टेस्ट बंद झाली. वीज परत आली ती बारा वीसला.

म्हणजे 52 मिनिटं वापरली गेली, 38 हुकली. पंचवीस बहुपर्यायी प्रश्न आणि एक कोडिंगचा प्रश्न सुरक्षित, दुसऱ्या प्रश्नाचा अर्धा कोड कदाचित जतन, कदाचित नाही. दोन्ही कोडिंगचे प्रश्न तिने पाहिलेले. हे हिशेब कोरडे वाटतील, पण मागणी त्यांच्यावरच उभी राहते.

परत येता येत असेल तर यायचं की नाही, हा इथला खरा पेच. काही मुलं मुद्दाम परत येत नाहीत. अर्धवट टेस्ट दिली तर ‘दिली’ असं धरलं जाईल, त्यापेक्षा कोरीच राहू दे, असा त्यांचा विचार असतो. माझं मत उलट आहे. परत येण्याची धडपड नोंदीत दिसते आणि विश्वास तिथेच बसतो. वेळ बऱ्यापैकी शिल्लक असेल तर आत जाऊन जमेल ते करावं आणि गेलेल्या मिनिटांची तक्रार त्याच दिवशी नोंदवावी. टाळायची एकच गोष्ट, चिडून अर्धवट असतानाच ‘सबमिट’चं बटण दाबणं. ते दाबलं की नोंदीत ‘उमेदवाराने स्वतः संपवली’ असं लिहिलं जातं आणि वीज गेल्याची सगळी कहाणी कमकुवत होते.

पुराव्याच्या भानगडीत मुलं दुसऱ्याच खड्ड्यात पडतात. वीज जाताच मोबाइल उचलून पडद्याचा फोटो काढतात. टेस्ट चालू असेल आणि कॅमेराही चालू असेल, तर मोबाइल हातात दिसणं हा स्वतंत्र नियमभंग असतो. फोटोत प्रश्न आला तर प्रश्न बाहेर नेल्याचा ठपका वेगळा. टेस्ट बंद झाल्यावर त्रुटीचं पान तेवढं टिपावं, प्रश्न नाही. जागेवरून उठून मीटर बघायला जाणंही कॅमेऱ्यात टिपलं जातं. जावं लागलंच, तर मेलमध्ये तसं लिहून टाकावं. हॉटस्पॉटवर आलात तर इंटरनेटचा पत्ता बदलतो आणि यंत्रणेला तो दुसरा माणूस किंवा दुसरी जागा वाटू शकते. त्या मुलीने ‘10:57 पासून मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होते’ एवढं एक वाक्य लिहिलं, तर हा संशय तिथेच मिटतो.

वीज गेल्याचा खरा पुरावा फोटोत नसतो, तक्रारीत असतो. महावितरणचे ग्राहक असाल तर 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. किंवा घरच्या नोंदणीकृत मोबाइलवरून `NOPOWER` लिहून पुढे बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा आणि एसएमएस पाठवायचा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ असलेला संदेश येतो. त्या संदेशाची वेळ वीज गेल्यानंतर पाच-दहा मिनिटांतली असेल, तर त्याहून सरळ कागद मिळणार नाही. टेस्ट देणारी मुलगी जागेवरून हलू शकत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या माणसाने हे काम करावं. आईच्या नाहीतर बाबांच्या नावावर मीटर असतं, नोंदणीकृत फोनही त्यांचाच असतो. त्यामुळे तेच बरं. मुंबई शहर आणि उपनगरांत बराचसा भाग बेस्ट, अदानी आणि टाटा यांच्याकडे आहे, तिथे त्या त्या कंपनीकडे नोंद करायची.

महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवणार असेल तर नोंदणीकृत मोबाइलवर आधी संदेश येतो. तो पुरावा दुधारी आहे. ‘मला आधी कळलं होतं’ हेही त्यातून सिद्ध होतं आणि मग एचआर विचारणार, वेळ बदलून का नाही मागितली? पुण्याकडे देखभालीचा वार बहुधा गुरुवार, कल्याण-डोंबिवलीकडे शुक्रवार. टेस्टसाठी दिवस निवडायची मुभा असेल तर हे वार टाळावेत, एवढं साधं गणित बरीच मुलं करत नाहीत.

दुसरा पुरावा लॅपटॉपच्या पोटातच असतो आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. विंडोज दर वेळी टिपून ठेवतं, की लॅपटॉप चार्जरवरून बॅटरीवर कधी आला आणि वाय-फाय कधी तुटलं. कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडून या दोन ओळी चालवायच्या:

```
powercfg /batteryreport
netsh wlan show wlanreport
```

दोन्ही कमांड एकेक वेबपान तयार करतात आणि ते कुठे ठेवलं तेही सांगतात. पहिल्या पानावर `Recent usage` नावाचा तक्ता असतो. त्या मुलीच्या लॅपटॉपवर तिथे 10:52 च्या सुमारास वीजस्रोत `AC` वरून `Battery` झालेला दिसेल. दुसऱ्या पानावर त्याच वेळी घरचं वाय-फाय तुटलेलं आणि नंतर मोबाइलचं जोडलेलं दिसेल. वाय-फायचा अहवाल फक्त गेल्या तीन दिवसांचा असतो, म्हणून त्याच दिवशी काढून ठेवावा. टेबलावरचा संगणक असेल आणि यूपीएस नसेल, तर तो धाडकन बंद पडतो. वीज आल्यावर पुन्हा सुरू केला, की विंडोजच्या `Event Viewer` मध्ये `Kernel-Power`, क्रमांक 41, आणि त्याबरोबर बहुधा 6008 अशा नोंदी सापडतात. व्यवस्थित बंद न करता संगणक गेला, असा त्यांचा अर्थ. बटण दाबून धरून बंद केला तरी हीच नोंद होते. म्हणून ती एकटी पुरत नाही, महावितरणच्या संदेशाबरोबर जोडली तर वजन येतं.

आता मेल. तो इंग्रजीतच जाणार, पण मजकूर काय असावा ते मराठीत सांगतो. पहिला मेल टेस्टची वेळ संपायच्या आत किंवा संपताच, फोनवरूनच. त्याचा विषय असा असावा, की यादी चाळणाऱ्याला उघडायच्या आधीच सगळं कळेल. टेस्टचं नाव, तारीख, आपला नोंदणी क्रमांक आणि ‘10:52 ला वीज गेल्याने खंडित’. आत एवढंच:

‘मी आज दहा वाजता टेस्ट सुरू केली. 10:52 ला आमच्या भागातली वीज गेली आणि घरचं इंटरनेट बंद पडलं. 10:57 ला मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा आत आले, पण कॅमेऱ्याचा संपर्क टिकला नाही आणि 11:10 ला टेस्ट बंद झाली. बहुपर्यायी भाग आणि पहिला कोडिंगचा प्रश्न मी आधीच पूर्ण केला होता. दुसरा कोडिंगचा प्रश्न अपूर्ण राहिला, 38 मिनिटं वापरता आली नाहीत. वीज कंपनीकडे तक्रार नोंदवली आहे, क्रमांक सोबत देत आहे. शक्य असल्यास उरलेल्या वेळात दुसरा, नवा प्रश्न सोडवण्याची संधी द्यावी किंवा तुम्हाला योग्य वाटेल तशी पूर्ण टेस्ट नव्याने घ्यावी. माझ्या नोंदीची तपासणी करण्यास माझी हरकत नाही.’

यात करुणा नाही, ‘माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे’ नाही, ‘मला सगळं येत होतं’ नाही. एचआरला ते सगळं ऐकून सवय झालेली असते. यात वेळा आहेत, त्या नोंदीशी पडताळता येतात. पूर्ण झालेलं काम तिने लपवलेलं नाही. मुलं नेमकं तेच लपवतात. ‘सुरुवातीलाच वीज गेली’ असं लिहितात, म्हणजे पूर्ण नवी टेस्ट मिळेल. एचआर नोंद उघडतो, तिथे बावन्न मिनिटांचं काम दिसतं आणि पुढचं काही वाचायची गरज उरत नाही. आणि नवा प्रश्न स्वतःहून मागितल्याने समोरच्याच्या मनातली शंका, हिने प्रश्न पाहिलाय, आधीच मिटते.

संध्याकाळी दुसरा मेल, त्याच धाग्यात, पुरावे जोडून. तिसरा, चौथा, लिंक्डइनवर कंपनीच्या अधिकाऱ्याला संदेश, हे नको. चार दारं वाजवली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी बघत असेल.

कंपनीच्या हातात यावर काय काय असतं, ते माहीत असलं तर मागणी नेमकी होते. सगळ्यात सोपा उपाय, काहीच न करणं, म्हणजे जतन झालेल्या उत्तरांवरच गुण द्यायचे. हा उपाय वाटतो तितका वाईट नसतो. त्या मुलीची पंचवीस उत्तरं आणि पहिला प्रश्न चांगला असेल, तर कदाचित एवढ्यावरच ती पुढच्या फेरीत जाईल. दुसरा मार्ग, त्याच टेस्टला राहिलेला वेळ जोडून ती पुन्हा उघडणं. यात जुनी उत्तरं राहतात, पण पाहिलेला प्रश्नही तोच राहतो. म्हणून बऱ्याच कंपन्या याला तयार होत नाहीत. तिसरा, नवं आमंत्रण आणि नवा प्रश्नसंच. हा सगळ्यात न्याय्य, पण त्यासाठी कंपनीकडे समान काठिण्याचा दुसरा संच तयार असावा लागतो. लहान कंपन्यांकडे तो नसतो.

नवं आमंत्रण मिळालंच, तर एक गोष्ट विचारून घ्यावी. निकाल कुठल्या प्रयत्नाचा धरणार? नवा प्रयत्न झाला की जुना पुसला जातो, असं बऱ्याच ठिकाणी असतं. पहिल्या वेळी दोनपैकी एक प्रश्न पूर्ण सुटला आणि दुसऱ्या वेळी एकही नाही, तर मागून घेतलेली संधीच अंगाशी येते. त्यामुळे उरलेली मिनिटं थोडी असतील आणि झालेलं काम भक्कम असेल, तर पुन्हा बसण्याऐवजी ‘जतन झालेल्या कामावर मूल्यमापन करताना हा खंड लक्षात घ्यावा’ इतकंच मागणं जास्त शहाणपणाचं. हे स्वतःशी प्रामाणिकपणे मोजायचं असतं. टेस्ट झाल्यावर अर्ध्या तासात हे मोजणं अवघड जातं, म्हणून पहिल्या मेलमध्ये दोन्ही पर्याय मोकळे ठेवलेले बरे.

मंचच कोसळला तर प्रकरण वेगळं असतं. दोष आपला की त्यांचा, हे त्रुटीच्या ओळीवरून बरंचसं ओळखू येतं. क्रोममध्ये `ERR_INTERNET_DISCONNECTED` किंवा `DNS_PROBE_FINISHED_NO_INTERNET` दिसलं तर खंड आपल्याकडचा. `503 Service Unavailable`, `504 Gateway Timeout` अशी पाटी दिसली तर आपलं इंटरनेट शाबूत आहे. समोरून कुणीतरी उत्तर दिलंय, फक्त ते ‘जमत नाही’ असं आहे. `ERR_CONNECTION_TIMED_OUT` मात्र कुणाच्याही बाजूचं असू शकतं. त्यावर जोरात भांडू नये. अशा वेळी दुसरी एखादी वेबसाइट उघडते का, एवढं एकदा पाहिलं तर उलगडा होतो. पण तेही टेस्ट बंद झाल्यावरच, कारण टेस्ट चालू असताना दुसरी टॅब उघडणं नोंदीत चुकीच्या रकान्यात जातं.

मंच पडला की एकटं कुणी अडकत नाही. त्याच वेळी शेकडो जण अडकतात आणि कंपनीला ते आपल्या पडद्यावर दिसतं. इथे पुरावे गोळा करण्यापेक्षा संख्या दाखवणं महत्त्वाचं. बॅचच्या व्हॉट्सॲप गटात कुणाला किती वाजता काय दिसलं याची यादी करून ती प्लेसमेंट विभागामार्फत पाठवावी. मागणीही वेगळी असते. माझी टेस्ट पुन्हा घ्या असं नाही, त्या वेळेत बसलेल्या सगळ्यांसाठी नवी वेळ द्या, असं. सगळ्यांचं एकदमच बिघडलं तर पुन्हा घेणं कंपनीला सोपं जातं, कारण कुणावर उपकार केल्यासारखं होत नाही.

महाराष्ट्राने याचं सगळ्यात मोठं प्रात्यक्षिक 2020 च्या ऑक्टोबरमध्ये पाहिलं. टाळेबंदीच्या काळात अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात असे यूजीसीचे निर्देश होते, सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्टला ते उचलून धरले आणि राज्यातली विद्यापीठं घाईने ऑनलाइन परीक्षांकडे वळली. मुलं घरून फोनवर, लॅपटॉपवर बसली. 12 ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या उच्चदाबाच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या परीक्षांचं वेळापत्रक बदलावं लागलं. त्या दिवशी मुंबईतल्या कुठल्याच मुलाला वीज गेल्याचा पुरावा द्यावा लागला नाही, सगळ्या शहराने तो दिला होता. बार्शीतल्या एका फीडरवरची वीज गेली तर मात्र बातमी येत नाही, म्हणून तिथल्या मुलीला तक्रार क्रमांक आणि बॅटरीचा अहवाल लागतो.

नकार येऊ शकतो, त्याची कारणंही ठरलेली असतात. भरतीची मुदत संपली. टेस्ट सगळ्यांना एकाच वेळेत द्यायची होती आणि दुसरा संच नाही. किंवा नोंदीत टॅब बदलल्याच्या खुणा आहेत आणि त्यांचा खुलासा मेलमध्ये नव्हता. निकाल लागल्यावर केलेली तक्रार जवळजवळ कुठेच ऐकली जात नाही. नापास झाल्यावर वीज आठवली, असंच ते वाचलं जातं. उत्तरच आलं नाही तर कामाचे दोन दिवस थांबून त्याच धाग्यात एक आठवण करावी, कॅम्पसची टेस्ट असेल तर टीपीओंमार्फत.

आणि नकार आलाच, तर एक शेवटचं मागणं करता येतं, जे फार थोडी मुलं करतात. टेस्टमध्ये न निवडलेल्या उमेदवाराला अनेक कंपन्या काही महिने पुन्हा अर्ज करू देत नाहीत. खंडित झालेली टेस्ट त्यांच्या यादीत आपोआप ‘अनुत्तीर्ण’ म्हणून बसते आणि हा काळ तिथून मोजायला लागतो. पुढच्या भरतीत अर्ज केला की यंत्रणाच तो परत पाठवते, का ते कळतही नाही. म्हणून नकाराच्या उत्तरादाखल एवढंच लिहावं, की या वेळचा निर्णय मान्य आहे, पण टेस्ट तांत्रिक कारणाने अपूर्ण राहिली असल्याने हा प्रयत्न धरू नये आणि पुढच्या भरतीसाठी अर्ज खुला ठेवावा. यासाठी एचआरला नवा प्रश्नसंच शोधावा लागत नाही, वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागत नाही, फक्त यादीतला एक शेरा बदलावा लागतो. त्यामुळे नवी टेस्ट नाकारलेल्यांनाही हे बऱ्याचदा मिळून जातं.